डिप्रेशनच्या गोळ्या एकदम बंद केल्यावर चक्कर आणि कणकण का येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, एका तालुक्याच्या गावात ओपीडी चालवते. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी संपली की पुढचे आठ-दहा दिवस माझ्याकडे एकाच तक्रारीचे पेशंट येतात. गावी गेले, गोळ्यांचं पाकीट संपलं किंवा घरी राहिलं, आणि चौथ्या दिवशी डोकं गरगरायला लागलं. त्यांचे प्रश्न जवळजवळ तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. एका पेशंटची हकीकत मध्ये मध्ये येईल. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून ती दिली आहे.

गोळी एकदम बंद केली की नेमकं काय होतं?

सर्वांत जास्त सांगितली जाते ती चक्कर. पण ही चक्कर जरा वेगळी असते. खोली गोल फिरते असं क्वचितच कुणी म्हणतं. "होडीत बसल्यासारखं वाटतं", "पायाखालची फरशी मऊ झालीय", "मान वळवली की डोकं मागून येतं" अशी वर्णनं असतात. नजर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेली की डोक्यात क्षणभर करंट लागल्यासारखा झटका बसतो. हा झटका ज्यांना माहीत नसतो ते फार घाबरतात, आपल्याला फिट येणार असं त्यांना वाटतं. तो त्रासदायक असतो, पण ती फिट नसते.

दुसरा भाग फ्लूसारखा. अंगात कणकण, सांधे दुखणं, घाम, मधूनच हुडहुडी, मळमळ, कधी जुलाब, गळून गेल्यासारखं वाटणं. थर्मामीटर लावला तर मात्र बहुतेक वेळा ताप नसतो. शिवाय झोप उडते किंवा फार स्पष्ट, विचित्र स्वप्नं पडतात, चिडचिड होते, कारण नसताना रडू येतं.

म्हणजे मला या गोळीची सवय लागली. मग व्यसन नाही असं कसं म्हणता?

हा प्रश्न मला त्या पेशंटने फोनवर विचारला होता. बँकेत कॅशियर, वय अडतीस, एसिटालोप्रॅम १० मिलिग्रॅमची एक गोळी रोज रात्री, चौदा महिने. तब्येत उत्तम होती. गणपतीला कोकणात सासरी गेली, पाकिटातली शेवटची गोळी शनिवारी संपली, आणि तिने ठरवलं की आता पुरे, उगाच सवय नको. पुढच्या शुक्रवारी तिचा फोन आला: "मॅडम, पाच दिवस नाही घेतली तर ही अवस्था. म्हणजे मला व्यसनच लागलंय ना?"

सवय आणि व्यसन हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो, तिथेच घोटाळा होतो. व्यसनात त्या पदार्थाची तलफ असते. तो घेतल्यावर नशा किंवा सुख मिळतं, तेवढंच सुख मिळवायला मात्रा वाढवावी लागते, नुकसान दिसत असूनही माणूस तो घेतच राहतो, त्यासाठी खोटं बोलतो, पैसे उधार घेतो. एसिटालोप्रॅमची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात कुणालाही बरं वाटत नाही. उलट पहिले दोन आठवडे मळमळच जास्त होते आणि गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. चौदा महिन्यांत तिने मात्रा वाढवून मागितली नाही. शनिवारी पाकीट संपलं तेव्हा तिला तलफ आली नाही, तिला सुटका झाल्यासारखं वाटलं. दारू सोडणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून दारू असते. हिच्या मनात मंगळवारपर्यंत गोळी आलीसुद्धा नव्हती.

तरीही त्रास झाला, आणि तो खरा होता. याला शारीरिक अवलंबित्व म्हणतात: एखादं औषध बरेच दिवस रोज मिळत राहिलं की शरीर ते धरून आपली मांडणी बदलतं. हे व्यसनाशिवायही होतं आणि अनेक साध्या औषधांनी होतं. महिनोन्‌महिने पॅन्टोप्राझोल घेणाऱ्याने ते एकदम थांबवलं की पित्त आधीपेक्षा जोरात उसळतं. बीपीसाठीची अटेनोलॉल एकदम बंद केली की छाती धडधडते, हृदयविकार असेल तर ते धोक्याचंही असतं. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरेच दिवस स्टिरॉइड घेणाऱ्याला डॉक्टर ते पायरीपायरीने कमी करायला लावतात. पॅन्टोप्राझोलचं व्यसन लागलं असं कुणी म्हणत नाही.

यात एक दुर्दैवी चक्र आहे. व्यसन लागेल या भीतीने माणूस गोळी एकदम बंद करतो, त्यामुळे त्रास होतो, आणि त्या त्रासाकडे बोट दाखवून घरचे म्हणतात, "बघ, लागलं की नाही व्यसन?" या लोकांना दोष द्यावासा मला वाटत नाही. दोष आम्हा डॉक्टरांचा आहे. आम्ही गोळी सुरू करताना "सवय लागत नाही" एवढं एकच वाक्य बोलतो आणि "पण एकदम बंद करू नका" हे वाक्य राहून जातं. खरं तर ही गोष्ट नवी नाही. इमिप्रामिन हे या गटातलं पहिल्या पिढीतलं औषध १९५० च्या दशकाच्या शेवटी वापरात आलं, आणि ते थांबवल्यावर मळमळ, घाम, अस्वस्थता होते याच्या नोंदी १९५९ सालीच छापून आल्या होत्या.

शरीराने मांडणी बदलली म्हणजे नक्की काय केलं?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचं रसायन बाहेर सोडतात. निरोप पोहोचला की ते रसायन पुन्हा आत ओढून घेणारे छोटे पंप पेशीवर असतात. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लूओक्सेटिन ही औषधं या पंपांवर बसून त्यांना अडवतात, त्यामुळे सेरोटोनिन दोन पेशींमधल्या जागेत जास्त वेळ राहतं.

मेंदू हे मुकाट्याने चालू देत नाही. इतकं सेरोटोनिन रोज येतंय म्हटल्यावर ते ऐकणाऱ्या पेशी आपली संवेदनशीलता कमी करतात. लग्नघरात शेजारी लाऊडस्पीकर लागला की पहिला तास कान किटतात आणि मग आपण त्याच आवाजात गप्पा मारायला लागतो, तसं. हा बदल व्हायला काही आठवडे लागतात.

आता गोळी एकदम थांबवली. पंप मोकळे झाले, सेरोटोनिन भराभर ओढून घेऊ लागले, दोन पेशींमधली पातळी काही दिवसांत खाली आली. पण ऐकणाऱ्या पेशी अजून जुन्याच सवयीत, कमी ऐकणाऱ्या. त्यांना पुन्हा तीक्ष्ण व्हायला वेळ लागतो, आणि औषध त्याआधीच शरीराबाहेर गेलेलं असतं. औषध निघून जाण्याचा वेग आणि मेंदू पूर्वपदावर येण्याचा वेग यांतलं हे अंतर म्हणजेच तो त्रास. हळूहळू कमी करण्याचं सगळं गणित याच अंतरावर उभं आहे.

पण उदासीच्या गोळीचा चक्कर आणि फ्लूशी काय संबंध?

कारण सेरोटोनिन हे फक्त मनाचं रसायन नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं आणि ते आतड्यांची हालचाल सांभाळतं. म्हणून मळमळ आणि जुलाब. तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या केंद्रांकडेही सेरोटोनिनच्या पेशींचे धागे जातात. डोकं वळलं की डोळे किती वळवायचे याचा मेळ ही केंद्रं घालतात, त्यामुळे मान किंवा नजर फिरवतानाच गरगरतं आणि स्थिर पडून राहिलं की कमी होतं. घाम, शरीराचं तापमान, झोप आणि वेदना यांवरही सेरोटोनिनचा हात असतो. हे सगळं एकाच वेळी थोडं थोडं बिघडलं की माणसाला फ्लू झाल्यासारखं वाटतं. आत जंतू कुठलाही नसतो.

पॅरॉक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांमध्ये आणखी एक भर पडते. ही औषधं अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनालाही दाबून ठेवतात, म्हणून ती घेताना तोंड कोरडं पडतं. एकदम थांबवली की दाबून ठेवलेलं उसळून वर येतं: नाक गळणं, लाळ, घाम, पोटात मुरडा. अशा पेशंटला घरचेच नव्हे, डॉक्टरसुद्धा सर्दी-पडशाची औषधं देतात.

गोळी बंद केल्यावर लगेच काही झालं नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी का सुरू झालं?

त्या कॅशियरबाईंचा आठवडा घड्याळ लावून बघू. एसिटालोप्रॅमची रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण तीस तास लागतात. शेवटची गोळी शनिवारी रात्री दहाला. सोमवारी पहाटे चारला औषध निम्मं उरलं. मंगळवारी सकाळी दहाला पाव. बुधवारी दुपारी चारला आठवा हिस्सा. गुरुवारी रात्री दहाला सोळावा.

रविवार आणि सोमवार तिने उकडीचे मोदक करण्यात घालवले, काही जाणवलं नाही. मंगळवारी संध्याकाळच्या आरतीला उभी असताना पहिल्यांदा फरशी हलल्यासारखी वाटली. बुधवारी सकाळी अंग दुखायला लागलं, दुपारपर्यंत घाम आणि मळमळ, रात्री डोळे फिरवले की डोक्यात करंट. गुरुवारी ती अंथरुणातून उठली नाही आणि सासूबाईंनी काय विचारलं तरी तिला रडू येत होतं.

निम्मं औषध उरलं तेव्हा त्रास नाही आणि पाव उरल्यानंतर एकदम का, याचं कारण असं की पंप अडवण्याचं काम औषधाच्या मात्रेच्या प्रमाणात कमी होत नाही. थोडं औषधसुद्धा बरेच पंप अडवून धरतं. म्हणून पहिला निम्मा भाग जातो तेव्हा मेंदूला फारसा फरक कळत नाही, आणि शेवटचा थोडासा भाग जातो तेव्हा एकदम खड्डा पडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, मात्रा कमी करण्याच्या प्रश्नात ती पुन्हा लागणार आहे.

गुरुवारी तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. ताप नाही, बीपी बरोबर. मानेच्या मणक्यामुळे चक्कर येते असं सांगून चक्करच्या गोळ्या आणि मानेचा पट्टा दिला. चालू असलेली एखादी गोळी नुकतीच बंद केली का, हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि तिनेही सासरच्यांसमोर तो विषय काढला नाही.

शुक्रवारी रात्री तिच्या दिराने जवळच्या शहरातून गोळ्या आणल्या. तीच १० मिलिग्रॅमची गोळी तिने पुन्हा घेतली. रविवारी संध्याकाळपर्यंत चक्कर गेली होती.

सगळ्याच गोळ्यांनी सारखाच त्रास होतो का?

नाही, फार फरक आहे. औषध शरीरातून जितक्या लवकर निघून जातं तितका त्रास जास्त. व्हेनलाफॅक्सिन काही तासांतच उतरायला लागतं. काहींना एक गोळी चुकली तरी त्याच दिवशी संध्याकाळी डोकं हलकं होतं. पॅरॉक्सेटिनही अशाच त्रासदायक औषधांत मोडतं. सर्ट्रालिन आणि एसिटालोप्रॅम मधल्या पायरीवर.

फ्लूओक्सेटिन अगदी दुसऱ्या टोकाला. ते आणि त्यापासून शरीरात तयार होणारा पदार्थ मिळून कित्येक आठवडे रक्तात रेंगाळतात, म्हणजे ते स्वतःच स्वतःला हळूहळू कमी करतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बऱ्या झालेल्या पेशंटच्या गोळ्या पाच ते आठ दिवस त्यांना न कळता बदलून खोट्या गोळ्या दिल्या होत्या. पॅरॉक्सेटिनवाल्यांपैकी ६६ टक्के, सर्ट्रालिनवाल्यांपैकी ६० टक्के आणि फ्लूओक्सेटिनवाल्यांपैकी फक्त १४ टक्के लोकांना त्रास झाला. अर्थात फ्लूओक्सेटिनचा त्रास उशिरा, दोन-चार आठवड्यांनी उगवू शकतो आणि तेव्हा गोळीशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

किती जणांना होतं हे?

२०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. गोळी थांबवणाऱ्यांपैकी साधारण ३१ टक्के लोकांनी काही ना काही लक्षण सांगितलं. पण खोटी गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांनी सांगितलं. म्हणजे खरोखर औषध थांबल्यामुळे त्रास झाला असे साधारण सहा-सात जणांत एक, आणि तीव्र त्रास साधारण पस्तिसात एक.

यावर वाद आहे. त्याआधीच्या, २०१९ मधल्या एका आढाव्यात आकडा ५६ टक्के होता, आणि कमी आकड्यावर टीका करणारे म्हणतात की त्यातले बरेच अभ्यास काही आठवडेच गोळ्या घेतलेल्यांचे होते. मला ही टीका रास्त वाटते. माझ्याकडे येणारे पेशंट दोन-पाच वर्षं गोळी घेतलेले असतात, आणि जितका काळ जास्त, मात्रा जास्त, तितका त्रासाचा संभव जास्त. बहुतेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. काहींचा महिनोन्‌महिने चालतो, आणि त्यांना "हे तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं सांगणं चूक आहे.

हा आजारच परत आला नसेल कशावरून?

कधी कधी तो आलेलाही असतो, म्हणून नीट पाहावं लागतं. मी तीन गोष्टी विचारते.

पहिली, कधी सुरू झालं? गोळी सुटल्याचा त्रास काही दिवसांत येतो. आजार परतायचा तर तो बहुधा कित्येक आठवडे किंवा महिने घेतो आणि हळूहळू चढतो. दुसरी, आधी कधी असं झालं होतं का? कॅशियरबाईंना चौदा महिन्यांपूर्वी आजारात झोप लागत नव्हती, कामावर जावंसं वाटत नव्हतं. पण डोक्यात करंट आणि होडीत बसल्यासारखं तेव्हा कधीच नव्हतं. नवीन, अंगाची लक्षणं दिसली की माझा कल गोळीकडे जातो. तिसरी, गोळी पुन्हा घेतल्यावर किती दिवसांत बरं वाटलं? आजाराला उतार पडायला आठवडे लागतात. हिला दोन दिवस लागले.

हा फरक चुकला तर त्याची किंमत मोठी असते. त्रासालाच आजार समजलं तर माणूस गरज नसताना आणखी दहा वर्षं गोळी घेत राहतो. आणि आजारालाच त्रास समजून "जाईल आपोआप" म्हणत बसलं तर तो बळावतो. परतण्याचा धोका खरा आहे: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत दीर्घकाळ गोळी घेऊन बऱ्या असलेल्या लोकांपैकी ज्यांची गोळी थांबवली त्यांच्यात वर्षभरात ५६ टक्के लोकांना आजार उलटला. ज्यांची चालू ठेवली त्यांच्यात ३९ टक्के.

माझ्या पाकिटावर दोन औषधांची नावं आहेत. त्याने काही फरक पडतो?

फार मोठा. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण पाकीट उलटून बघाच. आपल्याकडे एसिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास लिहून दिलं जातं. पॅरॉक्सेटिनबरोबरही क्लोनाझेपाम येतं. अमिट्रिप्टिलिनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड. यातलं दुसरं औषध झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांच्या गटातलं आहे आणि त्याची सवय खरोखर लागते. काहींना व्यसनाच्या अर्थानेही लागते.

अशी गोळी एकदम बंद केली तर दोन औषधं एकदम बंद होतात. क्लोनाझेपाम अचानक थांबल्याने हात थरथरणं, तीव्र घबराट, कित्येक रात्री झोप न लागणं आणि क्वचित खरीखुरी फिटसुद्धा येऊ शकते. इथे "त्रास होईल पण धोका नाही" हे वाक्य लागू पडत नाही. जोडगोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नका. डॉक्टर सहसा दोन्ही औषधं सुटी करून एक एक कमी करतात.

हळूहळू बंद करायची म्हणजे किती हळू?

पूर्वी आम्ही निम्मी करायचो, दोन आठवडे थांबायचो आणि बंद करायचो. बऱ्याच जणांना ते चालतं. ज्यांना चालत नाही त्यांचं का चालत नाही हे आता चांगलं कळलं आहे.

एसिटालोप्रॅम हा सिटालोप्रॅम या औषधाचाच काम करणारा अर्धा भाग आहे, आणि सिटालोप्रॅमची कुठली मात्रा किती पंप अडवते हे मेंदूच्या विशेष स्कॅनवरून मोजलेलं आहे. ४० मिलिग्रॅमला सुमारे ८६ टक्के पंप अडतात. २० ला ८० टक्के. म्हणजे गोळी निम्मी केली आणि फरक पडला फक्त सहाचा. ९ मिलिग्रॅमला अजूनही ७० टक्के. साडेपाचच्या आसपास ६०. साडेतीनच्या जरा खाली ५०. दीड मिलिग्रॅमलासुद्धा ३०. म्हणजे पाच मिलिग्रॅमवरून शून्यावर येणं ही मेंदूच्या दृष्टीने चाळिसावरून पाचावर येण्यापेक्षा कितीतरी मोठी उडी आहे. जिन्याच्या वरच्या पायऱ्या बोटभर उंचीच्या आणि शेवटची एकदम पुरुषभर, असा हा जिना आहे.

म्हणून शेवटच्या पायऱ्या बारीक कराव्या लागतात. हा विचार २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये सविस्तर मांडला गेला, आणि पुढे ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि तिथल्या सरकारी मार्गदर्शनानेही तो स्वीकारला.

कॅशियरबाईंचं आम्ही असं केलं. गोळी परत सुरू झाल्यावर काही महिने थांबलो, बँकेतलं मार्चअखेरचं काम संपू दिलं. मग १० वरून ५, चार आठवडे. काही जाणवलं नाही. मग ५ ची अर्धी, म्हणजे अडीच. तिसऱ्या दिवसापासून थोडी चक्कर, रात्री स्वप्नं, पाच दिवसांत गेलं. पुढची पायरी घ्यायची घाई केली नाही, तिथेच सहा आठवडे थांबलो. मग चतकोर, म्हणजे साधारण सव्वा मिलिग्रॅम, चार आठवडे. चतकोर तुकडे कधी एकसारखे पडत नाहीत, पण हे औषध शरीरात पुरेसा वेळ राहत असल्यामुळे एक दिवस थोडं कमी, एक दिवस थोडं जास्त हे जमून जातं. मग बंद. बंद केल्यावर चार दिवस डोकं जरा हलकं होतं, ती कामावर जात होती. सगळे मिळून साडेतीन महिने लागले.

हे वेळापत्रक उचलून स्वतःला लावू नका. तुमचं औषध वेगळं असेल, मात्रा वेगळी असेल, आजार किती वेळा उलटला आहे हेही वेगळं असेल. पण डॉक्टरांनी "अर्धी करा आणि पंधरा दिवसांनी सोडा" म्हटलं आणि मागच्या वेळी तुम्हाला त्रास झाला होता, तर "शेवटचा टप्पा अजून बारीक करता येईल का?" हे जरूर विचारा.

एक दिवसाआड घेऊन कमी केली तर?

फ्लूओक्सेटिन सोडून इतर औषधांसाठी मी हे सुचवत नाही. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन एक दिवसाआड घेतलं तर मधल्या दिवशी पातळी कोसळते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढते. म्हणजे तोच त्रास आठवड्यातून तीनदा.

गोळी तोडून किंवा कॅप्सूल उघडून घेतली तर चालेल?

साधी गोळी तोडता येते, मेडिकलमध्ये गोळ्या कापायचं छोटं यंत्र मिळतं. पाकिटावर नावापुढे 'सीआर', 'ईआर' किंवा 'एक्सआर' अशी अक्षरं असतील तर ती गोळी सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली आहे. ती तोडली किंवा कुटली तर सगळं औषध एकदम सुटतं. डुलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणे जठरातल्या आम्लापासून वाचवणाऱ्या आवरणाचे असतात, ते चुरडले की औषध वाया जातं. काही औषधं द्रवरूपातही येतात. तुमच्या औषधाचं तसं मिळतं का हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

दोन-तीन दिवस गोळी राहिली आहे आणि चक्कर सुरू झाली आहे. आत्ता काय करू?

नेहमीची मात्रा नेहमीच्या वेळी पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांना फोन करून कळवा. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन-दोन घेऊ नका. एक ते तीन दिवसांत बरं वाटायला लागतं. पण गोळी सुटून काही आठवडे झाले असतील तर पूर्वीची पूर्ण मात्रा एकदम सुरू करू नका, आधी विचारा.

गावी असाल आणि पाकीट नसेल, तर जुन्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये असणं फार उपयोगी पडतं. चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्याने ही औषधं देऊ नयेत असा कायदा आहे, पण चिठ्ठी असेल तर राज्यातल्या कुठल्याही शहरात ती मिळायला अडचण येत नाही. डॉक्टर फोनवर सापडत नसतील तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दिवस गेले आहेत हे कळल्याबरोबर गोळी बंद केली. बरोबर केलं ना?

हा निर्णय घाबरून एका रात्रीत घ्यायचा नसतो. गोळी चालू ठेवायची, बदलायची की कमी करायची हे तुमचे प्रसूतितज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून ठरवतील. तोपर्यंत ती चालू ठेवा आणि शक्य तितक्या लवकर, याच आठवड्यात, दोघांना भेटा.

चक्कर असताना स्कूटर चालवू का?

नको. मान वळवून मागे बघताना झटका येतो, आणि गाडी चालवताना नेमकं तेच करावं लागतं. शिडी, विहिरीचा कठडा, गच्चीची कड, यंत्रावरचं काम, यांनाही हेच लागू.

वाट न बघता डॉक्टरांकडे कधी जायचं?

थर्मामीटरवर खरा ताप दिसला तर हे गोळीमुळे आहे असं धरून बसू नका. पावसाळ्यात तो डेंग्यूही असू शकतो. खोली गोल फिरणं आणि एका कानाने कमी ऐकू येणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं किंवा फिट, यांतलं काहीही असेल तर सरळ इस्पितळात.

आणि जगणं नकोसं वाटतंय, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय असे विचार आले तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि तपासून घ्या. गोळी अचानक थांबल्यावर काहींच्या मनात असे विचार येतात, आधीच्या आजारात ते कधी आले नसले तरी. घरच्यांनी गोळी लपवली किंवा फेकून दिली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. माझ्या टेबलासमोर बसून ही गोष्ट सांगताना अनेक सुना-मुलं खाली मान घालतात. पण तारीख कळली की निदान पाच मिनिटांत होतं.